सायटेशनच्या यादीत एक रकाना वाढवा: सांगली जिल्ह्यातल्या वकील संघांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या सर्व वकील संघांचे अध्यक्ष, ग्रंथालय समित्यांचे सभासद आणि वाटणीचे दावे चालवणारे माझे वकील मित्र-मैत्रिणी यांना,

सस्नेह नमस्कार.

तेवीस वर्षं मी या जिल्ह्यात दिवाणी काम करते आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त काम शेतजमिनीच्या वाटणीचं, आणि त्यातही बहिणीच्या हिश्श्याचं. आज तुमच्याकडे एकच मागणी घेऊन आले आहे. कोर्टात दाखल करायच्या सायटेशनच्या यादीत प्रत्येक निवाड्यापुढे एक रकाना वाढवा. त्या रकान्यात निवाड्याचं पुढे काय झालं आणि ते आपण कोणत्या तारखेला तपासलं, एवढंच लिहायचं. बार रूममधल्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी असं मला वाटतं. त्यासाठी मला माझ्या हातून झालेली चूक सांगावी लागेल.

तासगाव तालुक्यातलं एक प्रकरण माझ्याकडे होतं. आठ एकर वडिलोपार्जित जमीन, त्यातली तीन एकर द्राक्षबाग. वडील १९९९ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं लग्न १९८९ मध्ये झालेलं, त्यामुळे महाराष्ट्राने १९९४ मध्ये केलेल्या दुरुस्तीचा तिला उपयोग नव्हता, कारण त्या दुरुस्तीने २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. वाटप कधी झालं नव्हतं. सातबाऱ्यावर फक्त वारस नोंद. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायचे.

आक्काच्या दाव्यात खालच्या कोर्टाने २०१७ मध्ये प्राथमिक हुकूमनामा केला. तिला सोळावा हिस्सा दिला आणि आधार घेतला प्रकाश विरुद्ध फुलावती या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याचा, (२०१६) २ एससीसी ३६. सोळावा कसा आला ते माहीत असलं पाहिजे. फुलावतीत म्हटलं होतं की २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मिळालेला सहदायकाचा हक्क हवा असेल तर ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगी हयात हवी आणि वडीलही हयात हवेत. आक्काचे वडील १९९९ लाच गेलेले. मग जुन्या कायद्याचा हिशेब लागला. वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं मानायचं. वडील, आई आणि दोन भाऊ यांना पाव पाव. वडिलांच्या पाव हिश्श्याचे पुन्हा चार भाग, त्यातला एक आक्काचा. आठ एकराचे ३२० गुंठे, त्यातले तिच्या वाट्याला २०.

आम्ही जिल्हा न्यायालयात अपील केलं. अपील दोन वर्षं चाललं आणि २०१९ च्या शेवटी भावांकडून तडजोडीचा निरोप आला. आक्का माझ्याकडे आली. त्या संध्याकाळी मी डेटाबेस उघडून फुलावती पुन्हा तपासला, म्हणजे तपासला असं मला वाटलं. पुढच्या निवाड्यांच्या यादीत मला मंगम्मल विरुद्ध टी. बी. राजू हा एप्रिल २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा दिसला. त्यात फुलावती मान्य केला होता. अडीच वर्षांनंतरही सर्वोच्च न्यायालय तेच म्हणतंय, मग निवाडा भक्कम आहे, असं धरून मी थांबले. आक्काला म्हणाले, अपिलात फार काही वाढणार नाही, वीस गुंठे चांगल्या जागेचे मिळत असतील तर घ्या. ती म्हणाली, "वकीलबाई, तुमी म्हनाल तसं." डिसेंबरच्या लोकअदालतीत सह्या झाल्या.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा आला, (२०२०) ९ एससीसी १. तीन न्यायमूर्तींचं पीठ. हक्क जन्माने मिळतो, म्हणून २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असं त्यांनी ठरवलं. फुलावती आणि मंगम्मल दोन्ही नाव घेऊन ओव्हररूल केले. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याचं काम किंवा अपील चालू असेल तर मुलीला मुलाइतकाच हिस्सा द्या, असंही स्पष्ट लिहिलं. मी तो निवाडा घरी फोनवर वाचला आणि कागद घेऊन हिशेब केला. वडील, आई, दोन मुलगे आणि मुलगी, प्रत्येकी पाचवा. वडिलांच्या पाचव्याचे चार भाग, त्यातला एक आक्काचा. पाचवा अधिक विसावा म्हणजे पाव. ३२० गुंठ्यांतले ८०, दोन एकर. आमचं अपील आणखी आठ महिने प्रलंबित राहिलं असतं तर ते दोन एकर तिचे होते. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ते दार मीच लावून घेतलं होतं.

ज्यांना तेव्हाचं वातावरण आठवतं ते म्हणतील, विनीता शर्मा येणार हे तुम्हाला कसं कळणार? पण प्रश्न भविष्य ओळखण्याचा नव्हता. २०१९ मध्ये त्याच यादीत, मंगम्मलच्या अडीच महिने आधीचा, १ फेब्रुवारी २०१८ चा दानम्मा विरुद्ध अमर हा निवाडा होता, (२०१८) ३ एससीसी ३४३. तो मी उघडलाच नाही. त्या प्रकरणात वडील २००१ मध्ये गेले होते. फुलावतीप्रमाणे त्या मुलींना सहदायकाचा हक्क मिळायलाच नको होता. निवाड्यात फुलावतीचा उल्लेख आहे, त्याच्याशी मतभेद आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, उलट त्यातला भाग उतरून घेतला आहे. आणि तरीही शेवटी दोन्ही मुलींना पाचवा पाचवा हिस्सा दिला आहे. मी तो उघडून निदान तारखा जुळवून पाहिल्या असत्या, तर फुलावती आणि दानम्मा एकत्र नांदू शकत नाहीत हे पंधरा मिनिटांत कळलं असतं. दोन्ही निवाडे दोन-दोन न्यायमूर्तींचे. समान संख्येच्या पीठांत अशी तफावत पडली की ती मोठ्या पीठापुढे जाते. ही शिस्त दाऊदी बोहरा प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी २००४ मध्येच घालून दिली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २०१८ मध्येच या विसंगतीकडे बोट दाखवून विनीता शर्माच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा दाखला दिला होता. हे सगळं लोकअदालतीच्या आधीचं. मला आक्काला इतकंच सांगायला हवं होतं, की हा मुद्दा डळमळीत आहे, अपील चालू ठेवूया.

म्हणजे मी तपासलंच नव्हतं असं नाही. मी शेवटचा शेरा पाहिला, तो अनुकूल होता, म्हणून थांबले. पुढचे निवाडे पाहायचे तर ते असे पाहून चालत नाहीत.

आता मी काय करते ते सांगते, कारण बार रूममध्ये अनेकांच्या मनात "पाहणं" म्हणजे डेटाबेसवरची खूण पाहणं एवढंच आहे.

पहिलं काम त्याच प्रकरणाचं पुढचं पाऊल शोधणं. हातातला निवाडा उच्च न्यायालयाचा असेल तर तो सर्वोच्च न्यायालयात गेला का, तिथे फिरवला का, हे पक्षकारांच्या नावाने आणि खटल्याच्या क्रमांकाने शोधायचं. इथे एक गैरसमज फार आहे. एसएलपी कारण न देता फेटाळली म्हणजे उच्च न्यायालयाच्या मतावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं असं होत नाही. कुन्हायम्मेद निवाड्यात, (२०००) ६ एससीसी ३५९, हे सविस्तर आलं आहे. तरीही "एसएलपी डिसमिस्ड" एवढ्या दोन शब्दांवर छाती पुढे काढून युक्तिवाद होताना मी पाहते.

दुसरं काम दुसऱ्या प्रकरणांतून त्या निवाड्याचा माग काढणं. पैसे भरून घेतलेल्या एससीसी ऑनलाईन किंवा मनुपात्रसारख्या डेटाबेसमध्ये कुठल्या पुढच्या निवाड्याने याला मानलं, कुठे वेगळं काढलं, कुठे उलटवलं, हे संपादकांनी लावलेल्या शेऱ्यांसह मिळतं. ज्यांच्याकडे वर्गणी नाही त्यांनी इंडियन कानूनवर निवाडा उघडावा. वर `Cited by` असं लिहून आकडा दिलेला असतो, त्यावर टिचकी मारली की यादी येते. ही यादी यंत्राने जुळवलेली आहे. कोणी उल्लेख केला ते ती सांगते, कसा केला ते सांगत नाही. फुलावतीसारख्या निवाड्याची यादी एवढी लांब असते की वरून खाली वाचत गेलो तर रात्र जाईल. म्हणून आधी फक्त सर्वोच्च न्यायालय, नवीन आधी:

```
Phulavati doctypes: supremecourt sortby: mostrecent
```

आणि मग शब्दावर बोट ठेवून:

```
Phulavati ANDD overruled fromdate: 16-10-2015
```

१६ ऑक्टोबर २०१५ ही फुलावतीच्या निकालाची तारीख. त्याआधी त्याचा उल्लेख होणार कसा? हाच शोध मी `distinguished`, `larger bench`, `per incuriam` हे शब्द घालून पुन्हा करते. २०१९ मध्ये मी `larger bench` टाकून पाहिलं असतं तर आक्काचं काम वेगळ्या वाटेने गेलं असतं. नाव एखाद्या निकालपत्रात चुकीचं टंकलेलं असतं, कुठे फक्त एससीसीचा क्रमांक तर कुठे फक्त एआयआरचा असतो, म्हणून दोन्ही क्रमांकांनीही एकेकदा शोधायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले अधिकृत अहवाल ऑनलाईन विनामूल्य खुले केले आहेत. त्यातल्या बऱ्याच निवाड्यांत शीर्षटीपेनंतर संदर्भित निवाड्यांची यादी असते आणि प्रत्येकापुढे तो मानला, वेगळा काढला की उलटवला ते लिहिलेलं असतं. वर्गणी नसलेल्या तालुक्याच्या वकिलाला याच्याइतका आधार दुसरा नाही, आणि तो आपण फार कमी वापरतो.

यादी मिळाली की प्रत्येक महत्त्वाच्या निवाड्यात तीन गोष्टी पाहायच्या: पीठात किती न्यायमूर्ती होते, आपल्या निवाड्याबद्दल नेमक्या कोणत्या परिच्छेदात काय लिहिलं, आणि त्या प्रकरणातल्या तारखा व घटना काय होत्या. तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. दानम्मातली विसंगती शब्दांत नव्हती, तारखांत होती. कुठल्याही खुणेने ती दाखवली नसती.

दानम्माचंच पुढचं पाहा. विनीता शर्माने दानम्मा पूर्ण उलटवलेला नाही, आपल्या निर्णयाशी जेवढा विसंगत आहे तेवढाच "अंशतः" उलटवला आहे. विसंगत भाग म्हणजे फुलावतीतून उतरून घेतलेलं ते विधान, की हक्क हयात सहदायकाच्या हयात मुलींनाच. मुलींना हिस्सा देणारा शेवट मात्र विनीता शर्माच्या दिशेचाच आहे. आता एखाद्या पडद्यावर दानम्मापुढे ओव्हररूलची खूण दिसली आणि ज्युनिअरने घाबरून तो यादीतून काढला, तर चूक. आणि खूण नसलेल्या प्रतीतून कोणी ते जुनं विधान वाचून दाखवलं, तर तीही चूक. खूण अख्ख्या निवाड्याला लागते, पण उलटतो तो एखादा मुद्दा. आपण कोर्टाला मुद्दा देतो, म्हणून मुद्द्यागणिक तपासायचं.

हे विनीता शर्मालाही लागू आहे. बहिणीच्या बाजूने उभं राहताना आपण सरसकट म्हणतो, की तोंडी वाटप आता चालतच नाही. निवाडा तसं म्हणत नाही. नुसत्या तोंडी पुराव्यावरचं वाटप फेटाळा, असं तो म्हणतो, पण सार्वजनिक कागदपत्रांचा आधार असलेलं आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं पक्कं उतरलेलं वाटप अपवाद म्हणून मान्य होऊ शकतं, हेही त्यात आहे. समोरच्याने महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या वाटपाचे कागद आणि जुने फेरफार काढले की हा अपवाद पुढ्यात येतो. त्यावर पुढे कोणत्या न्यायालयाने काय म्हटलं ते त्या आठवड्यात शोधावं लागतं, पाठ केलेल्या ओळीवर भागत नाही. आणि २० डिसेंबर २००४ च्या आधीची विल्हेवाट व वाटपं कायद्यानेच राखून ठेवलेली आहेत. फुलावती गेला म्हणून तो भाग गेलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

गेल्या वर्षी एका दाव्यात समोरच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींचा २०१७ चा निवाडा दाखल केला. घटना हुबेहूब: वडील २००५ आधी गेलेले, बहिणीला सहदायकाचा हक्क नाकारलेला. त्यांच्या ज्युनिअरने डेटाबेस तपासला होता, प्रामाणिकपणे तपासला होता. निवाड्यापुढे कुठलीही खूण नव्हती. पुढचे उल्लेख जेमतेम दोन-तीन, तेही दुसऱ्याच मुद्द्यावर. मग त्यांनी तो चांगला कायदा म्हणून यादीत घातला.

खूण कशी असणार? विनीता शर्माने नावं घेऊन फुलावती, मंगम्मल आणि काही अंशी दानम्मा उलटवले. फुलावतीवर विसंबून देशभरच्या उच्च न्यायालयांनी मधल्या वर्षांत जे निवाडे दिले, त्यांची नावं त्यात नाहीत, असणं शक्यही नाही. म्हणून त्या निवाड्यांपुढे खूण लागत नाही. पाया काढून घेतला आहे, पण वरच्या मजल्याला कोणी तसं सांगितलेलं नाही. पुढच्या उल्लेखांची यादी कितीही काळजीने वाचली तरी ही पडझड त्या यादीत दिसणार नाही.

ती दिसते उलट्या दिशेने गेल्यावर. मी तो २०१७ चा निवाडा उघडला आणि त्यात कोणते निवाडे आधाराला घेतले आहेत ते पाहिलं. इंडियन कानूनवर `Cited by` च्या शेजारीच `Cites` असतं, त्यात हे मिळतं. पण तिथेही यादीवर थांबू नये, कारण दहा निवाड्यांचा उल्लेख असतो आणि निकाल त्यातल्या एखाद्यावरच उभा असतो. मी बहिणीचा हक्क नाकारणारे परिच्छेद वाचले. तीन पानं फुलावतीतला उतारा, मग एक वाक्य: सबब वादी सहदायक ठरत नाही. दुसरा आधारच नाही. मग फुलावतीचा माग पुढे काढला आणि विनीता शर्मापाशी पोचले. अर्ध्या पानाची टीप केली: या निवाड्यातले अमुक परिच्छेद फुलावतीवर आधारित, फुलावती अमुक परिच्छेदात उलटवला, पीठ तीन न्यायमूर्तींचं. साहेबांपुढे ठेवली. समोरच्या वकिलांनीही ती वाचली आणि त्या मुद्द्यावर तो निवाडा मागे घेतला. त्याच निवाड्यात मुदतीच्या मुद्द्यावरही काही लिहिलं होतं. ते फुलावतीवर उभं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यासाठी तो त्यांनी ठेवला, आणि ते योग्यच होतं.

म्हणजे तपास दोन्ही दिशांनी करायचा. निवाड्याच्या पुढे काय झालं ते पाहायचं, आणि निवाडा ज्याच्यावर उभा आहे त्याच्या पुढे काय झालं तेही पाहायचं. दुसरी तपासणी मुख्य आधाराच्या एका-दोन निवाड्यांचीच करायची असते, सगळ्यांची नाही. सवय झाली की एका सायटेशनला वीस मिनिटं लागतात. दोन-तीन सायटेशनवर उभ्या असलेल्या वाटणीच्या युक्तिवादाला एक तास, बस.

यातून सगळं सापडतं असं नाही. कायदाच बदलला आणि कुठल्या निवाड्याने जुन्या निवाड्याचं नाव घेतलं नाही, तर दोन्ही दिशा कोऱ्या राहतात. म्हणून ज्या कलमावर निवाडा आहे त्या कलमाचा आजचा मजकूर आणि दुरुस्तीच्या तारखा वेगळ्या पाहाव्या लागतात. कालच झालेला निवाडा डेटाबेसवर यायला वेळ लागतो, म्हणूनच तपासल्याची तारीख लिहायची. यादी दाखल करून युक्तिवाद चार महिन्यांनी झाला तर आदल्या दिवशी पुन्हा पाहायचं. आपल्याकडे तारखा कशा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. आपली दुसरी अपिलं आता मुंबईला नाही, तासाभराच्या अंतरावर चालतात. पूर्वी खालच्या कोर्टातली यादी मुंबईचे वकील नव्याने तपासून घ्यायचे आणि आपल्या चुका तिथे झाकल्या जायच्या. आता तासगाव, विटा, जत, इस्लामपूरची यादी जशीच्या तशी वर जाणार, आणि पुष्कळदा आपणच ती घेऊन उभे राहणार.

म्हणून मागणी नेमकी मांडते. यादीतली नोंद अशी असावी:

"प्रकाश वि. फुलावती, (२०१६) २ एससीसी ३६, दोन न्यायमूर्ती. मुद्दा: ९.९.२००५ रोजी वडील हयात असण्याची अट. पुढे: विनीता शर्मा वि. राकेश शर्मा, (२०२०) ९ एससीसी १, तीन न्यायमूर्ती, ओव्हररूल. मुख्य आधार तपासला. तपासल्याची तारीख: …"

संघांनी याचा एक कोरा नमुना छापून बार रूममध्ये ठेवावा. वर्गणीचा एक तरी डेटाबेस ग्रंथालयाच्या संगणकावर असावा आणि तो ज्युनिअरना मोकळा असावा. आजही काही ठिकाणी पासवर्ड एका-दोघांकडेच असतो आणि मुलं एकमेकांकडून फोटो मागवून काम भागवतात. फोटोत निवाडा येतो, त्याचं पुढे काय झालं ते येत नाही. हातातल्या झेरॉक्सचंही तेच.

आमच्या बार रूममध्ये पूर्वी एक ग्रंथपाल काका होते. नवा एआयआर आला की ते बसून त्यातल्या उलटवलेल्या निवाड्यांची यादी काढायचे, जुना खंड शेल्फवरून उतरवायचे आणि त्या पानाच्या समासात तांबड्या पेन्सिलीने लिहायचे: पाहा, अमुक साल, अमुक पान. आम्ही नवखे होतो, आम्हाला ते त्यांचं वेड वाटायचं. त्यांनी खुणा केलेले खंड अजून शेल्फवर आहेत, मी अधूनमधून उघडते. ते निवृत्त झाल्यावर कोणी पेन्सिल हातात घेतली नाही. मागच्या आठवड्यात मी एससीसीचा २०१६ चा दुसरा खंड काढला. ३६ व्या पानाचा समास कोरा आहे, आणि तेच पान झेरॉक्स काढून काढून बाइंडिंगमधून सुटत आलं आहे.

येत्या महिन्याच्या प्रत्येक शनिवारी दुपारी मी बार रूममध्ये असेन. वाटणीच्या दाव्यांत आपण नेहमी वापरतो ते चाळीस-पन्नास निवाडे बसून तपासायचे, नमुन्यात भरायचे आणि खंडांत खुणा करायच्या असा विचार आहे. ज्युनिअरनी आपापल्या चालू दाव्यांच्या याद्या घेऊन यावं. समितीने फक्त संगणकाचा पासवर्ड आणि कपाटाची किल्ली द्यावी. तांबडी पेन्सिल मी घेऊन येते, सुरुवात त्या ३६ व्या पानापासून करू.

आपली,
सांगली जिल्ह्यात वाटणीचे दावे चालवणारी एक वकील